सुरतेला निघालेल्या मुलीचा दाखला: अर्जात काय लिहायचं आणि तारीख कशी मागायची

एप्रिलमध्ये शाळा सकाळची झाली की अकराच्या सुमारास, वर्ग सुटता सुटता, आमच्या ऑफिसच्या खिडकीशी कुणीतरी येऊन उभं राहायचं आणि म्हणायचं, "भाऊ, माले पोरना दाखला जोयजे." कोणता दाखला, कशासाठी, कधीपर्यंत, यातलं काहीच त्या वाक्यात नसायचं. मी अमळनेर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कुलात लिपिक होतो. पाचवी ते दहावीचे वर्ग, एक मुख्याध्यापक, मी आणि एक शिपाई. समोरच्याला काय हवं आहे हे काढून घेण्यातच माझा अर्धा दिवस जायचा, आणि एवढं करूनही पालकाला दुसरी चक्कर पडायचीच. ती चक्कर वाचवायची असेल तर काय करावं, ते इथे सांगतो. त्यासाठी एकच प्रकरण शेवटपर्यंत नेतो: सातवी संपवून आईसोबत सुरतेला वडिलांकडे राहायला जाणारी मुलगी. खानदेशातून दाखले निघतात त्यांत हे प्रकरण नेहमीचं, आणि सर्वांत जास्त अडकणारंही हेच.

आधी दाखला कोणता ते ठरवा. बोनाफाईड म्हणजे मूल सध्या आमच्या शाळेत अमुक इयत्तेत शिकत आहे, एवढं शाळेनं लिहून देणं. मुलाचं नाव पटावर राहतं. शाळा सोडल्याचा दाखला, म्हणजे आपण ज्याला एल.सी. किंवा टी.सी. म्हणतो, तो निघाला की जनरल रजिस्टरात त्या मुलाच्या ओळीसमोर शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलं जातं, आणि नाव पटावरून कमी होतं. शिष्यवृत्ती, बँकेत खातं, आधारमधली दुरुस्ती, जातीच्या दाखल्याचं प्रकरण, या सगळ्याला चालू विद्यार्थ्याचं बोनाफाईड पुरतं. तरीही एका पालकानं सेतू केंद्रात कुणीतरी सांगितलं म्हणून चालू वर्षात, दिवाळीच्या आधी, नववीतल्या मुलाची एल.सी. मागितली होती. देऊन टाकली असती तर पोरगं पटावरून गेलं असतं आणि पुन्हा प्रवेश घ्यावा लागला असता. म्हणून कागद कोण मागतंय त्यालाच आधी विचारा: बोनाफाईड चालेल का? शाळा खरोखर बदलायची असेल तरच एल.सी.ला हात लावा.

आपली मुलगी सुरतेला जाते आहे, तेव्हा तिला एल.सी.च लागणार. समजा तिचं नाव अश्विनी, वडील संजय, आडनाव पाटील. वडील सुरतेतल्या उधन्याला लूमवर कामाला आहेत. तापी लाईनवर अमळनेरहून गाडीत बसलं की थेट उधना, त्यामुळे जाणं सोपं आहे. कागद मात्र गाडीच्या वेगानं जात नाहीत.

तारखेचं गणित उलटं मांडावं लागतं, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गुजरातेतल्या शाळा साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. म्हणजे ८ जूनच्या आत दाखला उधन्यात हवा. राज्याबाहेर जाणाऱ्या दाखल्यावर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेतात, म्हणजे मुख्याध्यापकांच्या सहीखाली आणखी एक सही आणि गोल शिक्का. हायस्कुलाचा दाखला असेल तर त्यासाठी जळगावला जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावं लागतं. झेडपीच्या प्राथमिक शाळेचा असेल तर पंचायत समितीत, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. धुळे आणि नंदुरबारचीही रीत हीच. साहेब दौऱ्यावर असतात, मीटिंगला असतात, म्हणून या सहीसाठी आठवडाभर हाताशी ठेवा. त्याआधी शाळेत दाखला तयार व्हायला हवा, आणि तो निकालाआधी होत नाही, कारण "इयत्ता सातवी उत्तीर्ण" हा शेरा निकालाशिवाय लिहिता येत नाही. निकाल १ मेच्या आसपास लागतो. म्हणजे १ मेनंतर लगेच, समजा ६ मेला दाखला हातात यायला हवा, आणि तसा यायचा असेल तर अर्ज एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच ऑफिसात पडलेला हवा.

पालक नेमकं याच्या उलट करतात. निकाल घेतात, लग्नसराई उरकतात आणि मेअखेर येतात. हायस्कुलात त्यातल्या त्यात बरं, कारण शिक्षकांना उन्हाळी सुटी असली तरी आम्हा शिक्षकेतरांना नसते, ऑफिस उघडं असतं. पण मुख्याध्यापक गावी गेलेले असले तर सहीसाठी थांबावंच लागतं. झेडपीच्या शाळेत तर लिपिक नसतोच. गुरुजीच वर्ग घेतात, गुरुजीच रजिस्टर लिहितात, आणि सुटी लागली की शाळेला कुलूप. तिथे मे महिन्यात दाखला मागणं म्हणजे गुरुजींचा मुक्काम शोधत फिरणं. तुमचं मूल झेडपी शाळेत असेल तर निकालाच्या दिवशीच दाखला हातात येईल असं मार्चअखेर बोलून ठेवा.

आता अर्ज. कोऱ्या फुलस्केपवर हातानं लिहिलेला चालतो, छापील फॉर्म नसला तरी अडत नाही. पण अर्ज लिहिण्याआधी घरातले दोन-तीन कागद काढून समोर ठेवा: मागच्या वर्षीचं प्रगतिपत्रक, मुलीचं आधार कार्ड, जन्माचा दाखला. आणि या तिन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख जुळते का ते आधी बघा. दाखल्यावर जे येतं ते आधारवरून येत नाही, तुमच्या सांगण्यावरूनही येत नाही. ते जनरल रजिस्टरातून उतरवलं जातं. पाचवीच्या प्रवेशाच्या वेळी आधीच्या शाळेच्या दाखल्यावर जे होतं ते या रजिस्टरात चढलं, आणि आता तेच उतरणार. म्हणून अर्जात नाव रजिस्टरप्रमाणेच लिहायचं. शंका असेल तर लिपिकाला विचारून त्या ओळीवर नजर टाका.

अर्जात नंबर कोणते लिहायचे, यात फार गोंधळ होतो. पहिला, जनरल रजिस्टर नंबर. आम्ही त्याला जी.आर. नंबर म्हणतो (शासन निर्णयालाही जी.आर.च म्हणतात, त्याच्याशी याचा काही संबंध नाही). प्रगतिपत्रकावर तो बहुधा असतो, आणि हा एक नंबर दिला की लिपिकाला ओळ मिनिटात सापडते. नाही दिला तर प्रवेशाच्या वर्षाचं जाड रजिस्टर चाळत बसावं लागतं, आणि आमच्याकडे पाटील आडनावाच्या ओळी किती असतात ते सांगायला नको. दुसरा, पेन नंबर. यूडायस प्लस या देशभरच्या नोंदणीत प्रत्येक मुलाला मिळालेला हा ११ आकडी कायमचा क्रमांक आहे. शाळेचा यूडायस क्रमांकही ११ आकडीच असतो, म्हणून पालक सर्रास शाळेचा नंबर मुलाचा म्हणून लिहून देतात. ओळखायची खूण सोपी: जळगाव जिल्ह्यातल्या शाळांचा क्रमांक २७०३ नं सुरू होतो, धुळ्याचा २७०२ नं, नंदुरबारचा २७०१ नं. तुमच्या हातातला नंबर असा सुरू होत असेल आणि वर्गातल्या सगळ्या मुलांचा तोच असेल, तर तो शाळेचा आहे. १९ आकडी लांबलचक नंबर दिसला तर तो महाराष्ट्राच्या सरल प्रणालीतला स्टुडंट आयडी. राज्यातल्या राज्यात शाळा बदलताना तो उपयोगी, सुरतेत मात्र पेन लागतो.

अर्ज असा होईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचं नाव, गाव, ता. अमळनेर, जि. जळगाव)

दिनांक: १० एप्रिल २०२६

विषय: इयत्ता सातवीतील मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला ६ मे २०२६ पर्यंत मिळणेबाबत.

महोदय,
माझी मुलगी कु. अश्विनी संजय पाटील ही आपल्या शाळेत इयत्ता सातवी, तुकडी ब मध्ये शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर नंबर, हजेरी क्रमांक व पेन नंबर खाली दिला आहे. आईचे नाव, जन्मतारीख (अंकी व अक्षरी) आणि या शाळेत प्रवेश घेतल्याची तारीख व इयत्ताही सोबत लिहिली आहे.

कुटुंब कामानिमित्त सुरत (गुजरात) येथे राहण्यास जात असल्याने तिला पुढील वर्षी तेथील शाळेत इयत्ता आठवीत प्रवेश घ्यायचा आहे. ती परीक्षा व निकालापर्यंत आपल्याच शाळेत राहील. दाखला राज्याबाहेर न्यायचा असल्याने त्यावर प्रतिस्वाक्षरी घ्यावी लागणार आहे. तरी निकालानंतर ६ मे २०२६ पर्यंत दाखला व प्रतिस्वाक्षरीसाठीचे पत्र मिळावे, तसेच यूडायस प्लसवर तिची नोंद शाळा सोडली म्हणून करावी, ही विनंती.

दाखला मी स्वतः घेऊन जाईन.

सोबत: मुलीच्या आधारची प्रत, मागील वर्षाच्या प्रगतिपत्रकाची प्रत, माझ्या ओळखपत्राची प्रत.

आपली विश्वासू,
(आईची सही, पूर्ण नाव, मोबाईल नंबर)

या अर्जात तारीख दोनदा आहे, विषयात आणि मजकुरात, आणि तारखेचं कारणही आहे. "लवकरात लवकर" असं लिहिलेले अर्ज माझ्या ट्रेमध्ये ढिगानं पडायचे आणि त्यांचा नंबर आपापल्या वेळेनं यायचा. "६ मे" असं लिहिलं की मी ती तारीख कॅलेंडरवर टिपून ठेवायचो. प्रतिस्वाक्षरीचं लिहिल्यामुळे लिपिक दाखल्यासोबत शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे पत्रही टाइप करून ठेवतो. नाहीतर तुम्ही जळगावला पोहोचता आणि तिथून परत पाठवतात: शाळेचं पत्र आणा. "निकालापर्यंत आपल्याच शाळेत राहील" हे वाक्यही फालतू नाही. ते नसलं तर एखादा नवखा लिपिक एप्रिलमध्येच दाखला फाडून देतो, मग "सातवीत शिकत होती" एवढाच शेरा येतो, आणि सुरतेतली शाळा मुलगी सातवी पास झाली की नाही ते विचारते.

अर्जाची दुसरी प्रत सोबत न्या आणि त्यावर पोच घ्या. आवक क्रमांक, तारीख, सही, शाळेचा शिक्का, बस्स. पोच मागितली की ऑफिसातलं माणूस थोडं नाराज होतं, हे मी आतून सांगतो. तरी मागा. हसत मागितली तर आम्ही देतो.

आता जिथे खरं अडतं तिथे येतो: जन्मतारीख, नाव आणि जात.

आपल्याकडच्या जुन्या रजिस्टरांत १ जून या जन्मतारखेची पानंच्या पानं सापडतील. पूर्वी आई-बापाला तारीख आठवायची नाही, गुरुजी पोराच्या उंचीकडे बघून १ जून टाकायचे. आताच्या पिढीत जन्माचे दाखले आहेत, पण घाईत चुका होतातच: जन्माच्या दाखल्यावर १२ जुलै, शाळेत १२ जून. ही चूक मूल शाळेच्या पटावर असेपर्यंत दुरुस्त करून घ्यायची असते. त्यासाठी जन्माचा दाखला जोडून मुख्याध्यापकांकडे स्वतंत्र अर्ज द्यायचा. मुख्याध्यापक तो प्रस्ताव शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवतात, त्यांच्या मंजुरीनंतरच रजिस्टरात दुरुस्ती होते. लिपिकाला किंवा मुख्याध्यापकांना आपल्या अधिकारात खाडाखोड करता येत नाही. शाळा सोडल्यानंतर असा बदल सहसा होतच नाही, आणि करायचाच म्हटलं तर वर्षं जातात. म्हणून चूक दिसली तर दाखल्याचा अर्ज थोडा मागे ठेवा आणि आधी दुरुस्तीचं प्रकरण द्या. आपल्या अश्विनीच्या बाबतीत ही तपासणी जानेवारीत झाली असती तर उत्तम. एप्रिलमध्ये कळलं तर दुरुस्ती आणि सुरतेचा जून एकत्र बसतील असं धरून चालू नका.

नावाची भानगड आणखी बारीक असते. रजिस्टरात नाव देवनागरीत असतं, यूडायसवर इंग्रजी अक्षरांत. आधारवर ASHWINI आणि यूडायसवर ASHVINI असेल तर देवनागरीत फरक दिसतच नाही, पण संगणकाला ते वेगळं नाव वाटतं आणि अपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, तयार होताना अडतं. हे स्पेलिंग शाळा आपल्या लॉगिनमधून बघू शकते. दाखल्याच्या अर्जाच्या वेळी लिपिकाला स्क्रीनवर ते दाखवायला सांगा आणि आधारशी ताडून घ्या. मुलगी जुन्या शाळेच्या यादीतून बाहेर पडली की ते नीट करणं नव्या शाळेच्या हाती जातं, आणि पहिल्या महिन्यात त्यांना त्यासाठी वेळ नसतो.

जातीच्या रकान्याबद्दल सांगतो तेव्हा लोक माझ्यावर रागावतात. रजिस्टरात "हिंदू मराठा" असेल तर दाखल्यावर हिंदू मराठाच येईल, "कुणबी" असेल तर कुणबी. कोळी असेल तर कोळी, टोकरे कोळी असेल तर टोकरे कोळी. खिडकीशी उभं राहून "भाऊ, जरा टोकरे लिही ना" म्हणून काही होत नाही, आणि कुणी लिहून दिलंच तर पुढे जात पडताळणीत मूळ रजिस्टर मागवलं जातं आणि तिथे सगळं उघडं पडतं. जातीच्या प्रकरणासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेचा पुरावा हवा असेल तर त्याचा अर्ज वेगळा, त्यात "प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा" मागायचा. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा बघतात, त्यामुळे त्या वाडवडिलांनी अंदाजे कोणत्या वर्षी कोणत्या इयत्तेत नाव घातलं ते अर्जात लिहा. वर्ष नसेल तर जुनी, कसरीनं खाल्लेली रजिस्टरं कोणत्या टोकापासून उलटायची हेच लिपिकाला कळत नाही.

अश्विनीकडे परत येऊ. ६ मेला आई ऑफिसात आली. दाखला तिच्या हातात ठेवण्याआधी कार्यालयीन प्रतीवर आणि रजिस्टरात तिची सही घेतात. ती सही करण्याआधी खिडकीशीच उभं राहून दाखला वाचायचा. सही झाल्यावर आणि घरी गेल्यावर सापडलेली चूक ही दुरुस्तीची चूक होते, खिडकीशी सापडलेली चूक लगेच नवीन फॉर्म भरून निस्तरता येते. वाचताना क्रम असा ठेवा: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आईचं नाव. जन्मतारीख अंकी, मग अक्षरी. या दोन्ही जुळायलाच हव्यात; "बारा जून" आणि १२/०७ असे दाखले मी स्वतः लिहिलेले आहेत, माणूस आहे. जन्मस्थळ, तालुका, जिल्हा. या शाळेत आल्याची तारीख व इयत्ता. शाळा सोडल्याची तारीख. कोणत्या इयत्तेत आणि केव्हापासून शिकत होती: "इयत्ता सातवी, जून २०२५ पासून" असं काहीतरी. कारण: "पालकांचे स्थलांतर" किंवा "पालकांचा अर्ज". शेरा: "इयत्ता सातवी उत्तीर्ण". वर्तणूक "चांगली" असतेच, त्यावर वेळ घालवू नका. खाली वर्गशिक्षक, लिपिक आणि मुख्याध्यापक अशा तीन सह्या, शिक्का, दाखल्याचा अनुक्रमांक. कुठे पांढरं लावून खोडलेलं असेल तर तो दाखला घेऊ नका, नवा मागा. जळगावला तो परत येतो.

दाखला लॅमिनेट करू नका. प्रतिस्वाक्षरी आणि शिक्का मारायला कागद लागतो. त्याऐवजी लगेच चार-पाच झेरॉक्स काढा आणि फोनवर दोन्ही बाजूंचा फोटो ठेवा. मूळ दाखला सुरतेच्या शाळेत जमा होणार, तो तुम्हाला परत मिळत नाही. पुढे पासपोर्ट, नोकरी, जातीचं प्रकरण, सगळ्याला ही झेरॉक्सच आठवण करून देते की जनरल रजिस्टर नंबर काय होता.

जळगावला जाताना मूळ दाखला, शाळेचं पत्र, दाखल्याची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स आणि प्रगतिपत्रक घ्या. तिथे पत्राला आवक नंबर पडतो, दाखल्यावरची मुख्याध्यापकांची सही त्यांच्याकडच्या नमुन्याशी बघितली जाते, मग साहेबांची सही. जाण्याआधी शाळेच्या लिपिकाला फोन करून विचारायला सांगा की साहेब कार्यालयात आहेत का. एसटीचं तिकीट आणि एक दिवसाची मजुरी वाचते.

एवढं करूनही शाळेनं दाखला लांबवला तर? मुलगी आठवीच्या आत आहे, तेव्हा शिक्षण हक्क कायदा तिच्या बाजूला आहे. २००९ च्या या कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचं असेल, राज्यात असो की राज्याबाहेर, तर मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे. आणि दाखला यायला उशीर झाला या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. म्हणून सुरतेला कागदांची वाट बघत मुलीला घरी बसवू नका. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत, आधार आणि प्रगतिपत्रक घेऊन महापालिकेच्या शाळेत जा. सुरत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत, त्यामुळे माध्यम बदलायचंच असं नाही. तिकडे शाळा ठरली की मुलगी वर्गात बसते, दाखला मागून पोहोचतो. नववी-दहावीच्या मुलांना हे कलम लागू नाही, त्यांनी तारखेचं गणित जास्त कडक पाळायचं.

लांबणीबद्दल तक्रार करायची वेळ आलीच तर पोच घेतलेल्या अर्जाची प्रत जोडून केंद्रप्रमुख किंवा शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांकडे, मग गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, हायस्कूल असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे. पण बहुतेक वेळा कारण लहान असतं. वाचनालयाचं पुस्तक परत आलेलं नसतं, आणि ते देण्याआधी कुणी दाखल्यावर सही करत नाही, एवढंच. दाखला मागायला जाताना घरातलं शाळेचं पुस्तक सोबत न्या.

बोनाफाईड हवं असेल तर वरचाच अर्ज, फक्त तीन गोष्टी बदलतात. शाळा सोडण्याचं काही लिहायचं नाही. कशासाठी हवं ते नेमकं लिहायचं, "शिष्यवृत्ती अर्जासाठी", "आधारमधील दुरुस्तीसाठी", कारण लिपिक तोच उद्देश दाखल्यात लिहितो आणि दुसऱ्या कामाला तो दाखला मग बहुधा चालत नाही. आणि तिसरी, शैक्षणिक वर्ष. मे महिन्यात काढलेल्या बोनाफाईडवर २०२५-२६ येतं. जुलैत भरायच्या शिष्यवृत्तीला २०२६-२७ लागतं. म्हणून अर्जात "२०२६-२७ या शैक्षणिक वर्षाचे" असं लिहा, आणि ते मुलाचं नव्या वर्गात नाव चढल्यावरच मिळेल हे धरून चाला. शेवटच्या दिवसाची तारीख माहीत असेल तर तीही लिहा. बोनाफाईड हे अर्ध्या तासाचं काम आहे, पण शिष्यवृत्तीच्या शेवटच्या दोन दिवसांत खिडकीशी चाळीस पालक उभे असतात आणि मुख्याध्यापक एकच असतात.

दाखला हरवला तर दुसरा मिळतो, पण त्यावर "दुय्यम प्रत" असा शेरा येतो. अर्जात हरवल्याचं कारण लिहावं लागतं आणि शाळा प्रतिज्ञापत्र मागते. मूळ दाखला सुरतेच्या शाळेतच जमा असेल तर दुय्यम प्रत मागू नका. तिथूनच प्रमाणित झेरॉक्स घ्या.

शेवटचं काम सुरतेत आहे, आणि ते लोक विसरतात. दाखला जमा केला म्हणजे मुलगी नव्या शाळेत गेली असं कागदावर होतं. यूडायस प्लसवर ती तेव्हाच जाते जेव्हा इकडची शाळा तिची नोंद सोडते आणि तिकडची शाळा तिचा पेन नंबर आणि जन्मतारीख टाकून तिला आपल्याकडे ओढून घेते. इकडे नोंद सुटली नसेल तर तिकडच्या संगणकावर मुलगी अजून अमळनेर तालुक्यातच दिसते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नव्या शाळेच्या ऑफिसात विचारा: "पेन नंबर घेतला गेला का?" नाही म्हणाले तर आमच्या खिडकीला एक फोन करा. नोंद सोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे, नंबर तेवढा हातात असू द्या.